कोकण रेल्वे आणि व्यवस्थापकाचा त्रिकोण

प्रश्न : कौशल्य-त्रिकोण म्हणजे काय?
उत्तर : अमेरिकेतल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०१५ साली प्रकल्प व्यवस्थापकासाठी मांडलेल्या तीन बाजू : तांत्रिक, नेतृत्व आणि धोरणात्मक.

प्रश्न : उदाहरण द्या.
उत्तर : कोकण रेल्वे. मऊ मातीच्या बोगद्यांत खणलेला भाग पुन्हा ढासळायचा; तो सावरणं, वेळापत्रक नव्याने बसवणं हे तांत्रिक काम. ई. श्रीधरन यांनी जागेवरच्या मुख्य अभियंत्यांना निर्णयाचे अधिकार दिले, हे नेतृत्व. तिसरी बाजू बहुतेक जण विसरतात, आणि इथे खरी मेख तीच होती. रेल्वेच्या अर्थसंकल्पातून दरवर्षी थोडाथोडा पैसा आला असता, तर काम रखडलंच असतं. म्हणून १९९० मध्ये वेगळं महामंडळ काढलं, चार राज्यं भागीदार झाली आणि बराचसा पैसा रोख्यांतून उभा राहिला. १९९८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला.