तक्रार मराठीत, पण नेमकी

वॉशिंग मशीनची इंग्रजीतली तक्रार सर्व्हिस काउंटरसाठी मराठीत लिहिताना ‘मशीन बंद पडते’ एवढंच उतरवलं, तर मेकॅनिक वीजपुरवठ्यातला बिघाड शोधत बसतो. ग्राहकाचं म्हणणं वेगळंच असतं: कपडे धुतले जातात, पण पाणी बाहेर जात नाही. म्हणून असं लिहावं: ‘फ्रंट लोड मशीन. धुणं होतं, पण पाणी ड्रममध्येच साचतं. पिळणं सुरू होत नाही, दार उघडत नाही. पंपाची घरघर ऐकू येते.’ एवढ्यावरून मेकॅनिक आधी फिल्टर आणि पाइप तुंबलाय का ते बघतो. घरघरच नसेल, तर नवा पंप सोबत आणतो. मॉडेल नंबर, खरेदीची तारीख आणि स्क्रीनवरचा एरर कोड मात्र जसाच्या तसा उतरवावा.