मधे अडवणारा असेल तरच पास शिकता येतो

नवशिक्यांना पास शिकवायचा म्हटलं की बहुतेक मैदानांवर मुलं समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात आणि बॉल इकडून तिकडे जात राहतो. पंधरा मिनिटांत हात बसतो, बॉल सरळ जायला लागतो, प्रशिक्षक खूश होतात. मग सामना लावला की हीच मुलं बॉल थेट समोरच्या संघाच्या हातात देतात. रांगेत अडवायला कुणी नव्हतंच, त्यामुळे बॉल कुठून सोडायचा हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो.

खरं तर हा खेळ जन्मला तोच या प्रश्नातून. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला पहिले तेरा नियम लिहिले, तेव्हा ड्रिबल नव्हताच. बॉल घेऊन पळायला बंदी होती आणि जिथे झेलला तिथूनच तो टाकायचा होता. पुढे जायचं तर पास हाच मार्ग.

म्हणून नव्या प्रशिक्षकांच्या हातात द्यायच्या कार्डावर मी समोरासमोरच्या रांगा ठेवत नाही, तिघांचं ड्रिल ठेवतो. कार्ड पोस्टकार्डाएवढं असावं आणि त्यावर एकच ड्रिल असावं. शिट्टी तोंडात आणि मुलं समोर असताना दोन पानं वाचायला कुणाला सवड नसते. दहा-अकरा वर्षांच्या बारा मुलांसाठीचं कार्ड साधारण असं होतं:

चार बॉल, पाच नंबरचे. तिघांचे चार गट. दोघं साडेतीन मीटरवर समोरासमोर, तिसरा मधे. मधला बॉलवाल्यापासून एक हात अंतरावर. पाच सेकंदांत पास. डोक्यावरून उंच पास नाही. ४० सेकंदांनी शिट्टी, मधला बदला. प्रत्येकाला मधे दोन पाळ्या. पाहा: हात कुठे आहेत ते हेरून पास दिला का?

एवढंच. आता यातलं प्रत्येक वाक्य का आहे ते सांगतो.

पाच नंबरचा बॉल ५०० ग्रॅमच्या आसपास भरतो, मोठ्या पुरुषांचा सात नंबरचा ६०० ग्रॅमच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो, पण दहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाला तो पेलत नाही. मोठा बॉल दिला की मूल तो खांद्यावरून एका हाताने ढकलतं आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. शाळेकडे सात नंबरचेच बॉल असतील तर मुलांमधलं अंतर अडीच मीटरवर आणा.

पाच सेकंदांची मर्यादा सामन्याच्या नियमातूनच घेतली आहे. हातात बॉल आहे आणि अडवणारा जवळ चिकटला आहे, तर पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावाच लागतो. मधल्या मुलाने मोठ्याने आकडे मोजले की बॉलवाल्यावर खरं दडपण येतं. त्या दडपणात पाय सरकतात का, तेही बघा. एक पाय जमिनीला रोवलेला हवा, दुसरा हवा तसा फिरवता येतो.

मधल्याला बदलायची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. ज्याचा पास अडला तो मधे, हा नियम मुलांना न्याय्य वाटतो आणि त्यांना तो घरच्या खेळातूनच माहीत असतो. पण होतं काय, की ज्याला पास जमत नाही तोच सारखा मधे अडकतो आणि ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्या हातात बॉल सर्वांत कमी वेळ येतो. म्हणून बदल वेळेवर करायचा, चुकीवर नाही.

आता कार्डावरची शेवटची ओळ. ड्रिलचा जीव तिथे आहे. नवशिका मुलगा किंवा मुलगी ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे टक लावून बघते आणि तिथेच बॉल सोडते. मधल्याला फक्त तिची नजर वाचायची असते. तिला सांगायचं: मित्र कुठे आहे ते तुला ठाऊक आहे, तू अडवणाऱ्याचे हात बघ. त्याचे हात वर असतील तर त्याच्या गुडघ्याशेजारून बाउन्स पासला वाट आहे. हात खाली असतील तर कानाशेजारून चेस्ट पास जातो. आणि वाट नसेल तर ती तयार करायची. बॉल कपाळापर्यंत वर न्यायचा, मधल्याचे हात वर जातात, की लगेच खाली आणून बाजूला पाऊल टाकत टप्पा द्यायचा. हा चकवा पहिल्यांदा जमला की मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजूनही शिकवायला ओढून आणतो.

बाउन्स पासचा टप्पा कुठे पडावा यावर मुलांचा बराच गोंधळ असतो. अंतराच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे साडेतीन मीटरमध्ये देणाऱ्यापासून सुमारे सव्वादोन मीटरवर. तिथे, अडवणाऱ्याच्या मागे आणि थोडं बाजूला, खडूने फुली मारून ठेवा. टप्पा अलीकडे पडला तर बॉल तरंगत, मंद होऊन पोचतो आणि मधल्याला वळून तो गाठायला वेळ मिळतो. फार पलीकडे पडला तर घेणाऱ्याच्या पायाशी येतो. फुली पाहिली की मूल स्वतःच चूक ओळखतं, तुम्हाला ओरडावं लागत नाही.

चेस्ट पासची चूक ओळखायला बॉलच्या शिवणी बघा. दोन्ही हातांनी सारखा जोर लागला तर बॉल सरळ मागच्या बाजूला फिरत जातो. शिवणी तिरक्या गरगरताना दिसल्या तर एका हाताने जास्त ढकललंय. तेव्हा कोपरं बाहेर गेली आहेत का बघा आणि पास सुटल्यावर अंगठे जमिनीकडे वळले आहेत का, तेही. दोन्ही अंगठे खाली आले असतील तर मनगटं नीट सुटली.

घेणाऱ्याकडेही लक्ष हवं, कारण दुखापत त्याला होते. बोटं बॉलच्या दिशेने सरळ रोखली तर बॉल टोकावर आदळतो आणि सांधा सुजतो. कमरेच्या वरचा पास घेताना बोटं वर आणि अंगठे जवळ, कमरेखालचा घेताना बोटं खाली आणि करंगळ्या जवळ. हात आधी पुढे दाखवायचे, आणि बॉल येईपर्यंत थांबायचं नाही, एक पाऊल पुढे टाकून घ्यायचा. जागेवर उभं राहून वाट पाहणाऱ्याच्या पुढ्यातूनच बॉल पळवला जातो.

वेळेचा हिशेब बघा. ४० सेकंदांची एक पाळी, बदलायला १० सेकंद, प्रत्येक जण दोनदा मधे, म्हणजे सहा पाळ्या. पाच मिनिटांत ड्रिल संपतं. त्याहून लांबवलं तर मधली मुलं दमून हात खाली सोडतात, सगळे पास सोपे होतात आणि सराव पुन्हा रांगेसारखाच होऊन बसतो. हात लोंबकळायला लागले की शिट्टी वाजवा, घड्याळात वेळ उरला असला तरी.

या ड्रिलची एक मर्यादा आहे. घेणारा फारसा हलत नाही, सामन्यात मात्र तो धावत असतो. म्हणून गटातल्या दहापैकी सहा-सात पास पोचायला लागले की कार्डाच्या मागच्या बाजूला दुसरी पायरी लिहावी: घेणाऱ्याने पास मागण्याआधी डावीकडे दोन पावलं जायचं, झटकन उजवीकडे यायचं आणि बाहेरचा हात दाखवायचा. देणाऱ्याने त्या हाताकडे पास द्यायचा, छातीकडे नाही. पहिल्या दिवशी यातले निम्मे पास हुकतील. तेव्हा अंतर कमी करा, पण मधल्याला बाहेर काढू नका.