दोन नळ भरतात, तिसरा रिकामा करतो

काळ-काम-वेगाच्या गणितात एक टाकी हमखास भेटते. पहिला नळ ती 12 तासांत भरतो, दुसरा 15 तासांत. तळाची तोटी भरलेली टाकी 20 तासांत रिकामी करते. तिन्ही एकदम उघडे ठेवले, तर रिकामी टाकी किती वेळात भरेल?

पुष्कळ मुलं इथे 12 आणि 15 मिळवून त्यातून 20 वजा करतात आणि 7 तास असं उत्तर लिहितात. हे उत्तर फसवं आहे, कारण ते अशक्य वाटत नाही. पण तास असे मिळवता येत नाहीत. दुसरा नळ सोडला की वेळ कमी व्हायला हवा आणि बेरजेत तर तो वाढतो! एकत्र येतं ते पाणी. म्हणून हिशेब पाण्याचाच मांडायला हवा, तोही एका तासातल्या पाण्याचा.

त्यासाठी टाकीला सोयीचं माप द्यावं. 12, 15 आणि 20 या तिन्ही संख्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या, म्हणजे त्यांचा लसावि, 60. तेव्हा टाकीत 60 बादल्या पाणी मावतं असं धरू. पहिला नळ ताशी 5 बादल्या ओततो, दुसरा 4 आणि तोटी ताशी 3 बादल्या बाहेर सोडते. दर तासाला टाकीत उरतात 5 + 4 − 3, म्हणजे 6 बादल्या. 60 भागिले 6, उत्तर 10 तास. टाकी खरोखर 60 बादल्यांची असायची गरज नाही. 120 धरल्या तर प्रत्येक आकडा दुप्पट होईल, तास तेवढेच राहतील. अपूर्णांकांत मांडलं तरी हेच: 1/12 + 1/15 − 1/20 = 1/10.

आता ते 7 तास तपासता येतात. 7 तासांत नळांतून 63 बादल्या येतील, तोटीतून 21 जातील आणि टाकीत राहतील 42. टाकी भरलेलीच नाही. उत्तर काढून झाल्यावर असं उलट फिरून पाहणं मला रीतीइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण परीक्षेत उत्तर बरोबर की चूक हे सांगायला शेजारी कोणी नसतं.

परीक्षक हेच उदाहरण जरा फिरवूनही विचारतात. समजा पहिले 5 तास तोटी बंद होती, नंतर उघडली. पाच तासांत 45 बादल्या जमल्या, उरल्या 15. त्या ताशी 6 या वेगाने भरायला अडीच तास लागतील. एकूण साडेसात तास. पाठ केलेलं सूत्र इथे अडतं, बादल्यांचा हिशेब अडत नाही.

ही रीत जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’त चार झऱ्यांचं उदाहरण आहे. एक झरा विहीर एका दिवसात भरतो, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. दिवसाच्या वेगाने ते अनुक्रमे 1, 2, 3 आणि 6 विहिरी भरतील, म्हणजे एकूण 12. म्हणून चौघे मिळून एक विहीर दिवसाच्या बाराव्या भागात भरतात. आपल्या उदाहरणात भर पडली ती फक्त एका वजाबाकीची.

ती वजाबाकी मोठी झाली तर? तोटी टाकी 20 ऐवजी 6 तासांत रिकामी करत असेल, तर ती ताशी 10 बादल्या सोडेल. नळांतून येतात 9. म्हणजे गणितानुसार रिकामी टाकी कधीच भरणार नाही आणि भरलेली टाकी दर तासाला एक बादली गमावत 60 तासांत कोरडी होईल.

खरी टाकी मात्र असं वागत नाही. गणितात तोटीचा वेग सतत सारखा धरलेला असतो. तोटीऐवजी पंपाने पाणी उपसलं, तर तो बराचसा तसा राहीलही. पण तळाच्या भोकातून पाणी बाहेर पडतं ते वरच्या पाण्याच्या दाबामुळे. इटलीच्या टॉरिचेलीने सतराव्या शतकात दाखवलं, की बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग पातळीच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पातळी पाव राहिली, तर वेग निम्मा होतो.

आता सरळ भिंतींची टाकी घ्या. काठोकाठ भरलेली असताना तळाचं भोक ताशी 10 बादल्या सोडतं आणि वरून 9 येत राहतात. पातळी उतरेल तसं बाहेर जाणारं पाणीही मंदावेल आणि हळूहळू 9 बादल्यांच्या जवळ येईल. वेग पूर्वीच्या 0.9 पट व्हायला उंची 0.9 × 0.9, म्हणजे 0.81 पट लागते. म्हणून ही टाकी कोरडी पडणार नाही. पातळी 81 टक्क्यांच्या आसपास स्थिरावेल. रिकाम्या टाकीपासून सुरुवात केली, तरी पाणी चढत चढत त्याच पातळीकडे येईल.