मरून एक्सएल नक्की किती विकले? एका कुर्तीचे चार हिशोब

हा भाग ऐकताना अनेकांना कोड आणि आकडे लिहून घ्यायचे असतात, आणि बसमध्ये उभ्याने ते जमत नाही. म्हणून हा पूर्ण भाग इथे लिहून ठेवतेय. फॉर्म्युलेही खाली आहेत, तिथूनच कॉपी करा.

माझी मावशी इचलकरंजीत राहते. कॉटनच्या कुर्त्या शिवून घेते आणि दोन शॉपिंग अ‍ॅपवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकते. दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. "अगं, मरून कुर्तीचे साठ नग शिवायला टाकतेय. काका विचारतायत कुठल्या साइजचे किती. तू इंजिनियर ना, जरा बघ."

तिने स्वतः एक अंदाज काढला होता. पहिल्या अ‍ॅपवर सगळ्यात जास्त ऑर्डर येतात, म्हणून तिथला महिन्याचा रिपोर्ट घेतला. त्यात मरून कुर्ती अशी होती: एम 8, एल 14, एक्सएल 9, डबल एक्सएल 3. एकूण 34. याच प्रमाणात साठ नग वाटले की एल 25, एक्सएल 16, एम 14, डबल एक्सएल 5. हिशोब बरोबर होता, पण कच्चा माल चुकीचा होता.

एकच कुर्ती, चार नावं

मी तिला म्हटलं, "मावशी, बाकीच्या फाइलीपण पाठव." त्या उघडल्यावर खरा घोळ दिसला.

दुसऱ्या अ‍ॅपवर हीच कुर्ती 'वाइन' रंगाच्या नावाने लावलेली होती, कारण तिथे कुणीतरी सांगितलं होतं की वाइन जास्त चालतं. साइजही एम, एल अशा नव्हत्या, 38, 40, 42, 44 अशा होत्या. तिथल्या ऑर्डर: 38 च्या 5, 40 च्या 6, 42 च्या 11, 44 च्या 4.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डर वहीत होत्या: 'मरून एक्सएल', सहा वेळा. आणि पहिल्या अ‍ॅपवरच एक कॉम्बो होता, मरून आणि नेव्ही अशा दोन कुर्त्या, दोन्ही एक्सएल. त्याच्या 7 ऑर्डर होत्या. पण कॉम्बोचं लिस्टिंग वेगळं, त्यामुळे मरूनच्या रिपोर्टमध्ये तो आलाच नव्हता.

कपाटात मात्र हे सगळं एकाच थप्पीतून जात होतं. तोच कपडा, तोच रंग, 42 ची तीच कुर्ती. कंप्युटरच्या दृष्टीने त्या चार वेगळ्या वस्तू होत्या.

वस्तू वेगळी, लिस्टिंग वेगळं

लिस्टिंग म्हणजे दुकानाच्या काचेत लावलेली पाटी. एकाच वस्तूच्या दहा पाट्या असू शकतात, आणि एका पाटीमागे दोन वस्तूही असू शकतात, जसा आपला कॉम्बो. ऑर्डरच्या फाइलमध्ये पाटी मोजली जाते. शिवायची मात्र वस्तू असते. म्हणून प्रत्येक वस्तूला आपला स्वतःचा एक कोड द्यायचा आणि प्रत्येक पाटी त्या कोडाला जोडायची. यालाच मॅपिंग म्हणतात.

अ‍ॅपचाच कोड का नाही वापरायचा? कारण तो त्यांच्या पाटीचा नंबर असतो. उदाहरणार्थ, अ‍ॅमेझॉनवर प्रत्येक साइज-रंगाला वेगळा ASIN मिळतो, पण तो दुसऱ्या अ‍ॅपला माहीत नसतो. आणि बिलावरचा HSN कोड तर टॅक्ससाठी असतो, त्यातून साइज किंवा रंग कळतच नाही.

मग दोन गोष्टींना एक कोड द्यायचा की दोन, हे ठरवायचं कसं? मी मावशीला एकच प्रश्न विचारते: "पार्सलमध्ये एकाच्या जागी दुसरी टाकली, तर गिऱ्हाईक परत पाठवेल का?" वाइन मागवलेल्या बाईला मरून थप्पीतलीच कुर्ती जाते आणि ती ठेवून घेते, म्हणजे एकच कोड. एलच्या जागी एक्सएल पाठवली तर परत येईल, म्हणजे दोन कोड. उद्या कपड्याचा नवा ताका आला आणि त्याचा मरून डोळ्याला वेगळा दिसत असेल, तर त्यालाही नवीन कोड.

साइजच्या बाबतीत लेबलवर जाऊ नका, टेप लावा. मावशीच्या कुर्त्यांत एम म्हणजे 38, एल म्हणजे 40, एक्सएल म्हणजे 42, डबल एक्सएल म्हणजे 44. दुसऱ्या शिवणाऱ्याकडे एल कदाचित 42 निघेल. म्हणून कोडात अक्षर नको, आकडा ठेवा.

आमचा कोड असा झाला: `K014-MRN-42`. डिझाइन, रंग, साइज, बस्स. किंमत किंवा शिवणाऱ्याचं नाव त्यात घालू नका, कारण ते बदलतं. आणि डिझाइन बंद झालं तरी तो कोड नव्या डिझाइनला देऊ नका, नाहीतर मागच्या वर्षीची विक्री नव्या कुर्तीच्या नावावर दिसेल.

शीट कशी लावायची

दोन शीट पुरतात. `Orders` मध्ये सगळ्या ठिकाणच्या ऑर्डर एकाखाली एक: A कॉलमला कुठून आली, B ला तिथला कोड, C ला संख्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑर्डरला आपणच कोड टाकायचा. D मध्ये जोडकोड बनवायचा, कारण एकच कोड दोन अ‍ॅपवर वेगवेगळ्या कुर्तीला असू शकतो.

```
D2: =UPPER(TRIM(A2)&"|"&TRIM(B2))
E2: =IF(COUNTIF(Map!A:A,D2)=0,"तपासा","")
```

`Map` शीटमध्ये A ला तोच जोडकोड, B ला आपला कोड, C ला एका ऑर्डरमागे नग किती. कॉम्बोसाठी दोन ओळी लिहायच्या: एक मरून 42 ची, एक नेव्ही 42 ची, दोन्हीत नग 1.

इथे बरेच जण `VLOOKUP` वापरतात आणि फसतात. ते पहिली सापडलेली ओळ देतं आणि थांबतं. कॉम्बोमधली मरून मोजली जाते, नेव्ही गायब होते, आणि एररही येत नाही. म्हणून आम्ही उलट बाजूने मोजलं. `Map` च्या प्रत्येक ओळीसमोर तिच्या ऑर्डर आणायच्या:

```
D2: =SUMIFS(Orders!C:C,Orders!D:D,A2)*C2
```

मग तिसऱ्या एका छोट्या यादीत, A ला आपले कोड लिहून, त्यांची बेरीज:

```
B2: =SUMIFS(Map!D:D,Map!B:B,A2)
```

उत्तर आलं ते असं. मरून 38 च्या 13. 40 च्या 20. 42 च्या 9 अधिक 11 अधिक 6 अधिक 7, म्हणजे 33. आणि 44 च्या 7. एकूण 73.

मावशीच्या रिपोर्टमध्ये एक्सएल दुसऱ्या नंबरवर होती. प्रत्यक्षात ती पहिली निघाली, तीही लांबून! 73 च्या प्रमाणात साठ नग वाटले तर 42 चे 27, 40 चे 16, 38 चे 11, 44 चे 6. म्हणजे जुन्या हिशोबाने एलच्या 9 कुर्त्या जास्त शिवल्या असत्या आणि एक्सएलच्या 11 कमी पडल्या असत्या.

चुकलं तर कळणार कसं

पहिली खूण म्हणजे E कॉलममधलं 'तपासा'. नवीन पाटी लावली आणि मॅपमध्ये टाकायची राहिली, की तिच्या ऑर्डर मोजणीतून गळतात. एकही 'तपासा' शिल्लक असेपर्यंत बेरीज बघायचीच नाही.

दुसरी खूण म्हणजे एकूण नग. आमच्या ऑर्डर होत्या 73, त्यातल्या 7 कॉम्बोच्या. प्रत्येक कॉम्बोत एक नग जास्त, म्हणून नग 80 हवेत. मरून 73 आणि नेव्ही 7, जुळलं. जास्त आले असते तर मॅपमध्ये एखादी ओळ दोनदा पेस्ट झालेली असते.

तिसरी गंमत एक्सेलची. मावशीचा एका ठिकाणचा जुना कोड होता `MAR-38`, म्हणजे मरून 38. फाइल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एक्सेलला वाटतं ही तारीख आहे, मार्च 1938. सेलमध्ये `Mar-38` दिसतं, म्हणून लक्षातही येत नाही. पण D कॉलममध्ये `|` च्या पुढे `13940` येतं, कारण एक्सेल तारखा आतून आकड्यात ठेवतं. असा आकडा दिसला तर फाइल नव्याने इम्पोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा. आम्ही आमच्या कोडात MAR ऐवजी MRN घेतलं ते यासाठीच.

आणि शेवटची परीक्षा कपाटासमोर. महिन्याच्या सुरुवातीला मरून 42 चे 40 नग होते. 33 गेले, 2 परत आले, म्हणजे 9 असायला हवेत. मावशीने मोजले तर 8. थोडा वेळ शोधाशोध झाली. मग आठवलं, एक फोटो काढायला मावसबहिणीने नेली होती.

परत आलेल्या मालाची फाइलही याच मॅपमधून काढायची, पण विक्रीतून लगेच वजा न करता वेगळ्या कॉलममध्ये ठेवायची. 40 ची कुर्ती घट्ट होते म्हणून परत येत असेल, तर ते साइजबद्दल काहीतरी सांगतंय.

एक गोष्ट मात्र मॅपिंगने कळत नाही. माल संपलेला असताना जे गिऱ्हाईक आलं आणि गेलं, त्याची ऑर्डर फाइलमध्ये नसते. पहिल्या अ‍ॅपवर मावशीची एक्सएल शेवटचा आठवडा 'आउट ऑफ स्टॉक' दाखवत होती, कारण तिथे टाकलेला आकडा संपला होता. कपाटात नग होते तरी! म्हणजे 33 हा आकडा कमीत कमी धरायचा.

हे सांगितल्यावर मावशी जरा गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे सत्तावीसपण कमीच पडतील की काय?" तिने एमच्या तीन कमी केल्या, 42 चे 30 सांगितले आणि काकांना फोन लावला.