प्लेस्टेशनला ब्लूटूथ हेडफोन का चालत नाही?

फोनला, लॅपटॉपला, अगदी गाडीतल्या म्युझिक सिस्टिमलाही विनातक्रार जोडला जाणारा ब्लूटूथ हेडफोन प्लेस्टेशन ५ ला जोडायला गेलं, की पडद्यावर नकार येतो: ब्लूटूथ ऑडिओ उपकरणं इथे चालत नाहीत. गंमत म्हणजे या कन्सोलमध्ये ब्लूटूथ आहे. हातातला कंट्रोलर त्यावरच चालतो. फक्त त्या वाटेने हेडफोनला आवाज पाठवायची सोय कंपनीने दिलेली नाही. एक्सबॉक्समध्ये तर ब्लूटूथच नाही, तिथे मायक्रोसॉफ्टची स्वतःची वायरलेस पद्धत आहे. निन्टेन्डो स्विचला ही सोय सप्टेंबर २०२१ च्या अपडेटने मिळाली, पण अटींसह. हेडफोन जोडला की दोनच वायरलेस कंट्रोलर चालतात आणि हेडफोनचा माइक चालत नाही.

अडचण कुठे आहे, ते या अटींवरूनच कळतं. ब्लूटूथवरून आवाज जाताना आधी तो दाबून लहान केला जातो, तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो आणि मध्येच तुटू नये म्हणून हेडफोन त्यातले काही तुकडे साठवून मग वाजवतो. एसबीसी या नेहमीच्या पद्धतीत यात साधारण २०० मिलिसेकंद सहज जातात. गाणं ऐकताना याने काही बिघडत नाही. सिनेमा पाहताना फोन चित्रच तेवढं मागे ठेवतो, त्यामुळे तिथेही कळत नाही. पण गेममधलं चित्र थांबवून ठेवता येत नाही. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये २०० मिलिसेकंद म्हणजे १२ चित्रं. शत्रूच्या पावलांचा आवाज कानावर येईपर्यंत तो दारातून आत आलेला असतो.

दुसरा घोळ माइकचा. चांगल्या दर्जाचा आवाज नेणारी ब्लूटूथची नेहमीची पद्धत एकतर्फी आहे. माइक सुरू केला की हेडसेट फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर उतरतो. मग डावा-उजवा भेद जातो आणि गेमचं संगीत फोनवरच्या संभाषणासारखं घुसमटलेलं ऐकू येतं.

डोंगल इथे दुभाष्याचं काम करतो. यूएसबी पोर्टमध्ये लावला की कन्सोलला तो ब्लूटूथ वाटतच नाही, साधं यूएसबी साऊंड कार्ड वाटतो, आणि यूएसबी ऑडिओ प्लेस्टेशनला चालतो. कन्सोलकडून आवाज घ्यायचा आणि आपल्या रेडिओवरून हेडफोनला द्यायचा, एवढंच त्याचं काम. जोडणीही कन्सोलच्या मेनूतून होत नाही. डोंगलवरचं बटण दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबायचं, हेडफोन पेअरिंगवर टाकायचा आणि दोघं एकमेकांना सापडेपर्यंत थांबायचं. मग Settings मध्ये Sound, त्यात Audio Output उघडून डोंगल निवडायचा आणि Output to Headphones पुढे All Audio ठेवायचं. हे राहिलं तर हेडफोनमध्ये फक्त मित्रांच्या गप्पा येतात आणि गेमचा आवाज टीव्हीतून येत राहतो.

डोंगलने कन्सोलचा नकार टळतो, उशीर मात्र आपोआप टळत नाही. डोंगल आणि हेडफोन दोघांनाही एप्टएक्स लो लेटन्सीसारखी जलद पद्धत येत असेल, तर उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. दोघांपैकी एकालाच ती येत असेल तर दोघं गुपचूप एसबीसीवर येतात. दुकानदार हे सांगेलच असं नाही, म्हणून दोन्ही खोक्यांवर वाचून घ्या. घरी तपासायचं तर मेनूत भराभर पुढे-मागे जा. टिकटिक बोटाच्या मागून येत असेल तर जोडी जमलेली नाही. माइकसाठी हेडसेटचा नाद सोडून कंट्रोलरमधला माइक निवडावा. मग हेडफोनचा आवाज उतरत नाही.

हेडसेटसोबतच येणाऱ्या डोंगलची गोष्ट निराळी. तो बहुधा ब्लूटूथ वापरतच नाही. २.४ गिगाहर्ट्झवर कंपनीची स्वतःची जोडणी असते, तिच्यात उशीर जाणवत नाही आणि माइकही नीट चालतो. पण असा डोंगल हरवला तर दुसऱ्या कंपनीचा त्याजागी चालत नाही.

आवाज मध्येच तुटत असेल तर डोंगल कुठे लावलाय ते पाहा. जलद यूएसबी पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात गोंगाट होतो. डोंगल कन्सोलच्या मागे, जलद हार्ड डिस्कच्या शेजारी असेल तर तो पुढे आणा किंवा हातभर एक्स्टेन्शन केबलवर लांब ठेवा. बरेचदा तेवढ्याने भागतं.

एक्सबॉक्सवाल्यांनी मात्र जपून खरेदी करावी. प्लेस्टेशनवर उत्तम चालणारा डोंगल तिथे सहसा मुका राहतो, कारण एक्सबॉक्स साधा यूएसबी ऑडिओ स्वीकारत नाही. खोक्यावर एक्सबॉक्सचं नाव स्पष्ट छापलेलं नसेल तर पैसे घालू नका. आणि वायरची अडचण नसेल, तर कंट्रोलरच्या ३.५ मिलिमीटरच्या भोकात साधे माइकवाले इयरफोन लावा. तिथे ब्लूटूथचा उशीरही नाही, डोंगलचा खर्चही नाही.