तीन लाख साठ हजारांचे पत्र

पुण्यातल्या एखाद्या फ्रेशरच्या ऑफर लेटरवर सीटीसी ३,६०,००० लिहिलेला असतो आणि घरचे महिना ३०,००० धरून मोकळे होतात. मूळ पगार १५,००० असेल, तर कंपनीचा पीएफ १,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० आणि वर्षअखेरीचा कामगिरी बोनस महिन्याला ३,००० हे सगळे त्याच आकड्यात बसवलेले असते. उरतात २४,४८०. त्यातून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २२,४८०.

प्रोबेशनचे वाक्य मात्र बारकाईने वाचावे. ‘सहा महिने’ आणि ‘लेखी कायम करेपर्यंत’ यांत बराच फरक आहे: दुसऱ्यात पत्र येईपर्यंत प्रोबेशन चालूच.

शेवटच्या सेमिस्टरचा निकाल अडकला, तर रुजू होणेही अडते.