गुळाच्या चहाची पाटी

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूर लागतं, सोलापूरकडे जाताना दौंड तालुका. या दोन्ही रस्त्यांवर चहाची वानवा कधीच नव्हती. शिरूरचं एसटी स्टँड, रांजणगावचं महागणपती मंदिर आणि एमआयडीसी, तिकडे यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. कुठल्याही फाट्यावर उतरा, चार-पाच टपऱ्या शेजारी शेजारी दिसतात. बरीच वर्षं त्यांच्यात फरक असा नव्हताच. दूध तेच, पावडर तीच, ग्लासही तेच. ट्रक लावायला ऐसपैस जागा असेल ती टपरी चाले. गेल्या आठ-दहा वर्षांत मात्र टपरीला ‘काहीतरी वेगळं’ लागायला लागलं. त्या वेगळेपणातलं किती टिकलं, याचा हा मागोवा.

पहिली लाट अमृततुल्यची. पुण्यात अमृततुल्य शंभर वर्षांपासून आहे. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी ती दुकानं मांडली. दर्शनी भागात पितळी भांडं, शेजारी खलबत्ता आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कुटलेली वेलची, अशी त्यांची घडण. २०१८ साली पुण्यातला एक चहावाला महिन्याला बारा लाख रुपये कमावतो, ही बातमी देशभर फिरली आणि चहाच्या धंद्याकडे बघायची नजर बदलली. फ्रँचायझी सुरू झाल्या. अमृततुल्यची पाटी तालुक्याच्या गावांत, मग महामार्गावर आली. चहा चांगला होता, पण चारही दुकानांवर ‘अमृततुल्य’ लिहिल्यावर गिऱ्हाइकाला त्या शब्दावरून निवड करता येईना.

त्याच सुमारास खराडीत, म्हणजे नगर रस्त्याच्या तोंडाशीच, तंदूर चहा गाजला. मातीचं रिकामं कुल्हड तंदूरमध्ये लाल होईपर्यंत तापवायचं, सांडशीने धरून पितळी भांड्यात ठेवायचं आणि त्यात अर्धवट उकळलेला चहा ओतायचा. चहा फसफसून उतू जातो, खालच्या भांड्यात उतरतो आणि त्याला मातीचा, धुराचा वास लागतो. बघायला सुरेखच. पण महामार्गावर त्याचा हिशेब जुळणं अवघड. भट्टी दिवसभर पेटती ठेवायची, तर कोळसा गिऱ्हाईक असो वा नसो जळणारच. तापवलेली कुल्हडं तडकतात. शिवाय पहिला कप माणूस बघण्यासाठी घेतो आणि मोबाइलवर टिपतो. तिसरा कप घ्यायचं कारण त्याच्याकडे नसतं. कारखान्यातला कामगार शिफ्ट सुटल्यावर रोज तिथेच चहा पितो. त्याला धुराचा वास रोज नको असतो. माझ्या मते इथेच या कल्पनेची मर्यादा होती: तिने गर्दी जमवली, पण रोजचं गिऱ्हाईक बांधलं नाही.

गुळाचा चहा मात्र या मातीतलाच. भीमेकाठच्या राहू, पारगाव, खुटबाव, केडगाव या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला जाणारा रस्ता पारगावला नदी ओलांडतो आणि ऊस, गूळ, ट्रॉल्या यांच्या मधूनच जातो. जुन्या माणसांनी लहानपणी गुळाचाच चहा प्यायलेला असतो, पण बहुतेकदा कोरा. करोनानंतर काढ्याचं आणि गुळाचं कौतुक वाढलं, तशा ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या भराभर लागल्या. त्यातल्या बऱ्याच पहिल्या पावसाळ्यात उतरल्या. कारण एकच, दूध फुटायचं.

ताज्या दुधाचा सामू साधारण ६.६ ते ६.८ असतो. गूळ त्याहून आंबट, आणि कसा बनवलाय, किती जुना आहे यावर तो किती आंबट ते ठरतं. काहिलीत रस उकळताना भेंडीच्या पाण्याने मळी वर काढतात आणि चुना घालून रसाचा आंबटपणा मारतात. चुना कमी पडला तर गूळ आंबटच राहतो. पावसाळ्यात ढेप पाघळते, ओल धरते, आंबू लागते. असा गूळ उकळत्या दुधाच्या चहात पडला की दुधातली प्रथिनं गोळा होतात. दूध पूर्ण नासलं तर कुणालाही दिसतं. टपरीचं नाव घालवतो तो अर्धवट फुटलेला चहा. ग्लासच्या आतल्या बाजूला बारीक कण चिकटतात, कडेला चहा पाणचट दिसतो आणि शेवटच्या घोटाला जिभेवर चुरा लागतो. काही जण चिमूटभर सोडा टाकून हे झाकतात. मग रंग काळपट येतो आणि चव साबणासारखी होते.

न्हावऱ्याच्या बाजूला एका टपरीवर हे नीट सोडवलेलं बघायला मिळालं. तो गृहस्थ गूळ थेट चहात टाकत नाही. सकाळी ढेप फोडून गूळ तेवढ्याच पाण्यात विरघळवतो, उकळतो आणि फडक्यातून गाळतो. फडक्यावर चिपाडाचे तुकडे आणि माती राहते. चहाचं पातेलं वेगळं: अर्धा लिटर पाणी, आलं, वेलची, पावडर, ते उकळलं की वेगळं तापवलेलं अर्धा लिटर दूध. एक कढ आला की गॅस बंद. मग गुळाचं पाणी, साधारण सव्वाशे ग्रॅम गुळाचं, ओगराळ्याने ढवळत घालायचं आणि परत उकळायचं नाही. यातून बारा-तेरा छोटे कप निघतात. दूध त्याच दिवसाचं. संध्याकाळी उरलेलं दूध तो साखरेच्या चहाला वापरतो, कारण शिळ्या दुधात आंबटपणा आधीच वाढलेला असतो. नवी ढेप घेताना गुऱ्हाळावरच वाटीभर दूध उकळून त्यात गुळाचा खडा टाकून बघतो. फुटलं तर ढेप घेत नाही.

या पद्धतीची किंमत त्याला मोजावी लागते. साखरेचा चहा मंद आचेवर तासभर ठेवता येतो, हा ठेवता येत नाही. म्हणून बारा कपांचे घाणे पुन्हा पुन्हा लावावे लागतात आणि एसटी येऊन थांबली की रांग लागते. गूळ साखरेपेक्षा महाग आणि गोडी जुळवायला लागतोही थोडा जास्त. मात्र शेजाऱ्याला याची नक्कल एका दिवसात करता येत नाही. पाटी रंगवता येते. गूळ पारखायला हंगाम जावा लागतो. तयार गुळाची पावडर आणली की हा त्रास टळतो, तिने दूध सहसा फुटत नाही. पण तीच पावडर सगळ्यांना मिळते आणि चव सगळीकडे एकच होते. काही ठिकाणी पाटी गुळाची आणि पातेल्यात निम्मी साखर, असंही चालतं. रोज पिणाऱ्याला ते चवीवरून लगेच कळतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. ‘शुगर असणाऱ्यांनाही चालेल’ असं काही पाट्यांवर असतं, ते खोटं आहे. गुळातही मुख्यतः साखरच असते आणि मधुमेह्याच्या रक्तात ती चढतेच. चवीसाठी प्या, औषध म्हणून नको.

आता त्याच रस्त्यांवर बासुंदी चहा, चॉकलेट चहा अशा पाट्या दिसतात. न्हावऱ्याच्या त्या टपरीवर दोनच चहा आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये चांगली ढेप मिळेनाशी झाली की तो गुळाची पाटी उलटी करून ठेवतो आणि नवा गूळ आल्यावर सरळ करतो.